डावीकडे दावा, उजवीकडे पुरावा

दोन महिन्यांपूर्वी सोमवारच्या ओपीडीत एक काका आले. एस.टी.त ड्रायव्हर होते, आता निवृत्त. सव्वा वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, एक स्टेंट बसवलेला. बरोबर मुलगी होती, शाळेत शिक्षिका. केसपेपर उलटताना दिसलं, की एलडीएल, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, मागच्या वेळी ६८ होतं ते आता १३९ झालं आहे. विचारलं, “काका, रात्रीची गोळी चालू आहे ना?” काका खिडकीकडे बघायला लागले. मुलीने पर्समधून पिन मारलेले आठ कागद काढून टेबलावर ठेवले. “बाबांनी गोळी बंद केलीय, डॉक्टर. पोटऱ्या दुखत होत्या, त्यात हे वाचलं. तुम्ही आधी हे वाचा, मग आम्हाला रागवा.”

लेखाचा विषय नेहमीचा होता. कोलेस्टेरॉल हा बागुलबुवा, स्टॅटिन गटातल्या गोळ्या हा धंदा. लिहिणाऱ्याची भाषा मात्र चांगली होती. नावं, सालं, देश, संशोधन, सगळं त्यात होतं. असे कागद समोर आले की माझा आजवरचा शिरस्ता एकच: “असलं काही वाचत जाऊ नका,” असं म्हणून कागद बाजूला सारायचा. बाहेर शंभर माणसं रांगेत असतात, हे खरं. पण काकांनी आठ पानं मनापासून वाचली होती आणि मी त्यांना एक वाक्य देणार होतो. त्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा? मी कागद घरी नेले आणि गुरुवारी परत या म्हटलं. त्या रात्री जे केलं ते कुणालाही वही-पेन घेऊन करता येतं, म्हणून आज ते सविस्तर सांगतो.

लांब लेखाशी वाद घालणं अवघड का असतं? कारण तो एक दावा करत नाही, दहा-बारा करतो. त्यांतला एक तुम्ही खोडलात तर वाचणारा म्हणतो, “बरं, पण मग बाकीचं?” एक खरा निघाला, तर त्याच्या खरेपणाचा रंग शेजारच्या चारांना लागतो. शेवटच्या पानावर पोहोचेपर्यंत मनात सुटे दावे उरतच नाहीत, उरतो तो एकच ठसा: “म्हणजे गोळीत काही अर्थ नाही.” हा ठसा कशाच्या जोरावर उमटला, हे वाचणाऱ्यालाही सांगता येत नाही. ते पाहायचं तर लेख उसवून त्याचे धागे वेगळे करावे लागतात.

त्यासाठी वहीच्या पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढायची. डावीकडे दावा, उजवीकडे पुरावा. लेख दोनदा वाचायचा, आणि दोन्ही वेळा वेगळ्या कामासाठी.

पहिल्या वाचनात फक्त दावे शोधायचे. ज्या विधानाला “हे खरं की खोटं?” असं विचारता येतं, तो दावा. या चाळणीतून बराच मजकूर गळून पडतो. “यात कुणाचे खिसे भरतात, विचार करा” हा प्रश्न आहे, दावा नाही. “आपले आजोबा तूप खाऊन ठणठणीत होते” ही आठवण आहे. आठ पानांतून माझ्या हाती अकरा दावे लागले. प्रत्येक दावा एका वाक्यात आणि शक्यतो लेखकाच्याच शब्दांत लिहायचा. आपण आपल्या शब्दांत लिहू लागलो की नकळत तो जरा हास्यास्पद करून ठेवतो, आणि मग खोडणं सोपं जातं. ती फसवणूक असते, आणि तीही स्वतःचीच. एका वाक्यात दोन दावे असतील तर त्यांच्या दोन ओळी करायच्या. “या गोळ्यांनी स्नायू दुखतात आणि मधुमेह होतो” हे वाक्य मी तोडलं. पुढे दिसेल की या दोन अर्ध्या वाक्यांचं भवितव्य अगदी वेगळं निघालं.

दुसऱ्या वाचनात उजवा रकाना भरायचा. इथे नियम एकच, पण कडक. त्या दाव्यासाठी *लेखात* जे दिलं आहे तेवढंच लिहायचं. मला काय माहीत आहे, इंटरनेटवर काय सापडतं, ते या रकान्यात येत नाही. लेखाने काही दिलं नसेल तर जागा रिकामी सोडायची. “तज्ज्ञ सांगतात”, “आता सिद्ध झालं आहे”, “जगभर मान्य झालं आहे” ही वाक्यं उजवीकडे टाकायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण कोण, केव्हा, कशावरून हे सांगितल्याशिवाय तो पुरावा नसतो, तो दाव्याचाच आवाज चढवलेला असतो.

अकरापैकी पाच ओळी इथे देतो.

| दावा | लेखात दिलेला पुरावा |
|---|---|
| चरबी आणि हृदयविकाराचा संबंध हा आकड्यांचा खेळ होता | अँसेल कीज यांनी २२ देशांतून सोयीचे ७ निवडले |
| कोलेस्टेरॉल धोकादायक नाही, हे अमेरिकेनेही मान्य केलं | २०१५ च्या आहारविषयक सूचनांतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली |
| या गोळ्यांनी स्नायू दुखतात | गोळी घेणाऱ्या तिघांचे अनुभव |
| या गोळ्यांनी मधुमेह होतो | अनेक चाचण्या एकत्र करून केलेलं २०१० मधलं विश्लेषण |
| या गोळ्या घेऊन कुणी एक दिवसही जास्त जगलेलं नाही | (रिकामं) |

सगळा रकाना भरून झाला, की मगच लेखाबाहेर पाहायचं. ती टिपणं मी पानाच्या मागे वेगळ्या शाईने करतो, म्हणजे लेखाने काय दिलं आणि मी काय आणलं याची सरमिसळ होत नाही.

पहिली ओळ घ्या. अँसेल कीज हे अमेरिकन संशोधक. त्यांच्याबद्दलची ही गोष्ट इतक्या ठिकाणी फिरते, की मलाही ती खरीच वाटायची. प्रत्यक्षात इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात शिवल्या आहेत. कीज यांनी १९५३ मध्ये सहा देशांचा एक आलेख छापला होता. आहारात चरबी जितकी जास्त, तितके हृदयविकाराचे मृत्यू जास्त, असा तो चढता आलेख. येरुशाल्मी आणि हिलेबो या दोघांनी १९५७ मध्ये आक्षेप घेतला, की आकडे २२ देशांचे उपलब्ध आहेत आणि ते सगळे घेतले तर हा संबंध बराच सैल होतो. आक्षेप रास्त होता. पण ‘सात देशांचा अभ्यास’ हा त्यानंतर, १९५८ पासून सुरू झालेला वेगळाच प्रकल्प. त्यात जुने आकडे निवडलेले नाहीत. गावोगावच्या माणसांना प्रत्यक्ष तपासून वर्षानुवर्षं त्यांची नोंद ठेवली गेली. म्हणजे लेखातला पुरावा कीज यांच्या एका आलेखावर टीका करतो. आणि तो आलेख साफ चुकीचा धरला, तरी त्यावरून स्टेंट बसवलेल्या माणसाच्या गोळीबद्दल काहीच ठरत नाही.

दुसऱ्या ओळीतला पुरावा खरा आहे. अमेरिकेच्या २०१५–२०२० च्या आहारविषयक सूचनांतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा खरोखरच वगळली गेली. पण ती मर्यादा *ताटातल्या* कोलेस्टेरॉलची होती, अंड्याच्या बलकात वगैरे असतं त्याची. दावा आहे *रक्तातल्या* कोलेस्टेरॉलबद्दल. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, त्यामुळे ताटातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तावर होणारा परिणाम बहुतेकांत मर्यादित असतो. शिवाय त्याच सूचनांत संपृक्त चरबी, म्हणजे तूप, लोणी, खोबरेल यांत भरपूर असते ती, रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, असं सांगितलेलंच आहे. लांब लेखांत सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच: पुरावा खरा असतो, पण शेजारच्या दाव्याचा असतो. सलग वाचताना तो दिसत नाही, कारण दोन्हीकडे शब्द तोच असतो. दोन रकान्यांत समोरासमोर ठेवला की खटकतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. उजवीकडचं वाक्य वाचायचं, मग “म्हणून” म्हणायचं आणि डावीकडचं वाक्य वाचायचं. “ताटातल्या कोलेस्टेरॉलची मर्यादा काढली, *म्हणून* रक्तातलं कोलेस्टेरॉल निरुपद्रवी.” जीभ अडखळते.

तिसरी ओळ काकांच्या पोटऱ्यांची. पुरावा म्हणजे तिघांचे अनुभव. ते खोटे आहेत असं मी म्हणणार नाही, काकाही तेच सांगत होते. पण साठीनंतर पोटऱ्या गोळी न घेणाऱ्यांच्याही दुखतात, त्यामुळे अनुभवांवरून दुखणं कळतं, कारण कळत नाही. यावर इंग्लंडमध्ये झालेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक सुरेख चाचणी आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या. काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, काही महिने रिकामी बाटली. बाटलीत गोळी खरी की खोटी, हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं. त्रासाला रोज शून्य ते शंभरपैकी गुण द्यायचे. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३ आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. दुखणं खरंच होतं, पण त्याचा मोठा भाग गोळीतल्या औषधामुळे नव्हता, गोळी घेतल्यामुळे होता. चाचणीनंतर त्यांतल्या निम्म्या जणांनी औषध पुन्हा सुरू केलं. याचा अर्थ स्टॅटिनने स्नायूंना कधीच त्रास होत नाही असा नाही. थोड्या लोकांना होतो, क्वचित गंभीरही होतो, आणि लघवी गडद तपकिरी होऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं.

चौथ्या ओळीत लेखाने मला गप्प केलं. २०१० च्या त्या विश्लेषणात तेरा चाचण्यांमधल्या नव्वद हजारांहून अधिक लोकांची माहिती होती, आणि स्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. दावा आणि पुरावा जुळतात. लेखाने फक्त ‘थोडं’ म्हणजे किती हे सांगितलं नाही. त्या विश्लेषणानुसार २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर मधुमेहाचा एक रुग्ण वाढतो. काकांना गोळी लिहून देताना मी हे सांगितलं होतं का? नव्हतं. तक्ता केला नसता, तर सगळा लेख एका फटक्यात ‘भंपक’ ठरवून मी या खऱ्या ओळीवरूनही पुढे गेलो असतो.

आणि पाचवी ओळ. सगळ्यात वजनदार दावा, शेवटून दुसऱ्या परिच्छेदातला, आणि समोर कोरी जागा. मला खरंच वाटेना, म्हणून लेख तिसऱ्यांदा चाळला. काही नव्हतं. आधीच्या सात पानांत इतके आकडे आणि इतकी नावं येऊन गेलेली असतात, की या वाक्यापाशी पोहोचेपर्यंत त्यालाही पुरावा दिला गेलाय असंच वाटतं. आता हा दावा तपासण्याजोगा आहे, आणि तो तपासलाही गेला आहे. उत्तर युरोपातल्या देशांमध्ये हृदयविकार आधीच झालेल्या ४,४४४ जणांवर केलेली चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ समसमान दोन गट, एकाला स्टॅटिन, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ माणसं दगावली, औषधाच्या गटात १८२. हे मृत्यू केवळ हृदयविकाराचे नाहीत, सगळ्या कारणांचे मिळून आहेत. हजारी हिशेबात मांडायचं तर ११५ ऐवजी ८२. चमत्कार नाही. दोन्ही गटांतली बहुसंख्य माणसं तशीही जगली असती. पण “एक दिवसही नाही” हे साफ खोटं आहे.

इथे एक काळजी घ्यायला हवी. उजवा रकाना रिकामा आहे म्हणजे दावा खोटा, असं नाही. लेखाने पुरावा *दिलेला नाही*, एवढंच ते सांगतं. एखादी खरी गोष्टही लेखक पुराव्याशिवाय लिहून जातो. उलट, भरलेला रकाना म्हणजे दावा खरा असंही नाही, हे वरच्या पहिल्या दोन ओळींत दिसलंच. तक्ता लेखाची झडती घेतो, जगाची नाही. जगासाठी पानाची मागची बाजू, आणि तिथे कधी कधी माहितगाराची मदत लागते. पण झडती झाली की कुठल्या तीन-चार गोष्टी विचारायच्या हे तुम्हाला नेमकं कळलेलं असतं. ओपीडीत माझ्याकडे पाच मिनिटं असतात. आठ पानांवर मी बोलू शकत नाही, तीन ओळींवर नक्की बोलू शकतो.

तक्त्याची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि ती माझ्या लक्षात उशिरा आली. काकांनी ज्यावरून गोळी बंद केली, तो दावा माझ्या अकरा ओळींत नव्हताच. “गोळी बंद करा” असं त्या लेखात कुठेही लिहिलेलं नव्हतं. लेखकाने ते वाचणाऱ्यावर सोडून दिलं होतं. न लिहिलेल्या दाव्याला पुरावा द्यावा लागत नाही. म्हणून आता मी तक्ता संपल्यावर खाली एक ओळ मोकळी ठेवतो आणि स्वतःला विचारतो, “हा लेख वाचून माणूस उद्या सकाळी काय करेल?” जे उत्तर येईल ते डाव्या रकान्यात लिहायचं आणि समोर काय आहे ते पाहायचं. इथे डावीकडे आलं, “झटका येऊन गेलेल्या माणसाने गोळी आपणहून बंद केली तरी चालेल.” उजवीकडे काहीच नाही.

गुरुवारी बाप-लेक आले तेव्हा मी त्यांच्यासमोर तो कागद ठेवला. मुलीने बारकाईने वाचला. मग तिने जे केलं त्याची मला अपेक्षा नव्हती. तिने पेन मागितलं, कागद उलटा केला, नवी रेघ ओढली आणि म्हणाली, “डॉक्टर, आता तुमचे दावे सांगा.” बाहेर रांग होती, तरी मी सांगितले. झटका येऊन गेलेल्याने गोळी घेतली तर जगण्याची शक्यता वाढते, यासमोर १९९४ ची चाचणी. ती सगळी माणसं युरोपातली होती आणि बहुतेक पुरुष होते, हेही मी सांगितलं. गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल, यासमोर मी थबकलो. साडेपाच वर्षांचा पुरावा हा आयुष्यभराचा पुरावा नसतो. पुढच्या वर्षांसाठी माझ्याकडे काही आधार आहे, काही अनुमान आहे. तिने ‘अनुमान’ असं लिहिलं. काकांना दोन महिने छातीत काही झालं नाही हे त्यांचं नशीब, असं मी आदल्या सोमवारी म्हणालो होतो. तेही तिने विचारलं. एका माणसाच्या दोन महिन्यांवरून त्यांचं नशीबही सिद्ध होत नाही आणि माझा धाकही. ती जागा कोरी राहिली.

डॉक्टर म्हणून माझं मत एवढंच आहे. लोकांनी असे लेख वाचू नयेत, हे सांगणं आम्ही सोडून द्यावं. लोक वाचणारच, आणि त्यांत मधुमेहासारखी एखादी ओळ आम्ही न सांगितलेली खरी निघणार. त्याऐवजी रेघ ओढायला सांगावं. आणि रेघेच्या डाव्या बाजूला कधीतरी आमचीही वाक्यं येतील, याची तयारी ठेवावी. ज्या दाव्यासमोर माझ्याकडे पुरावा आहे तो मी ठामपणे सांगेन, जिथे नाही तिथे अनुमान आहे असं म्हणेन. त्याने रुग्णाचा विश्वास कमी होतो, अशी आमच्यातल्या अनेकांना भीती वाटते. माझा अनुभव तरी तसा नाही, पण तो केवळ माझा अनुभव आहे.

काकांच्या काही रक्ततपासण्या करून, स्नायूंना इजा नाही याची खात्री करून, आम्ही त्याच गटातलं दुसरं औषध कमी मात्रेत सुरू केलं. परवा ते पुन्हा आले होते. पोटऱ्या अजून दुखतात, पण कमी, असं म्हणाले. एलडीएल ८१ आहे, अजून खाली आणायचं आहे. निघताना त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. शेजाऱ्यांनी दिलेला गुडघ्यावरच्या तेलाचा जाहिरातवजा लेख होता. मधोमध उभी रेघ ओढलेली होती. डावीकडे सहा वाक्यं, स्वतःच्या अक्षरात. उजवा रकाना त्यांनी माझ्यासाठी ठेवला नव्हता. तो त्यांनीच तपासला होता, आणि तो तसाच कोरा होता.